ऑडिटच्या आधी पेस्ट कंट्रोल कंपनीचा ईमेल आलाय. आदल्या रात्री फवारणी करून घ्यावी का?

तारकर्ली_रिसॉर्ट | 16 सप्टेंबर, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. तारकर्लीत आमचं 14 खोल्यांचं रिसॉर्ट आहे, त्याला लागून 40 जणांचं रेस्टॉरंट. मी मॅनेजर म्हणून इथे चार वर्षं आहे. स्वच्छता मानांकनासाठी बाहेरच्या संस्थेचं ऑडिट 20 ऑक्टोबरला ठरलंय. कालच आमच्या पेस्ट कंट्रोल कंपनीचा ईमेल आला. इंग्रजीत आहे, मतलब मराठीत सांगतो.

"हंगाम सुरू होतोय, तपासण्या वाढतील. तुमचं किचन तयार आहे का? आमच्या ऑडिट पॅकेजमध्ये ऑडिटच्या 24 तास आधी पूर्ण किचनमध्ये फवारणी आणि धूर, मागच्या 12 महिन्यांच्या सर्व्हिस रिपोर्टची फाईल, आणि 'कीडमुक्त' असल्याचं प्रमाणपत्र मिळेल." खाली वेगळा दर दिलाय.

त्यांचा महिन्याचा करार आधीपासून आहेच. मुलगा येतो, पंपाने मोरी आणि कोपरे मारतो, स्लिपवर सही घेऊन जातो. तरी थाळी काउंटरजवळ बारकी झुरळं दिसतात, आणि आता दिवसाही. प्रश्न सरळ आहे. हे पॅकेज घ्यावं का? मालकांना उद्या उत्तर द्यायचंय.

---

अलिबाग_खानावळ | 16 सप्टेंबर, रात्री 11:15

घ्या, विचार करू नका. मी 15 वर्षं हेच करतोय. तपासणीच्या आदल्या रात्री सगळं बंद करून जोरदार फवारणी, सकाळी धुऊन घ्यायचं, साहेबांना एक झुरळ दिसत नाही. आणि महिन्याला पेस्ट कंट्रोल तर कायद्याने सक्तीचंच आहे, तेव्हा फाईल लागणारच. जेल वगैरे लावून बघितलं होतं, काही उपयोग नाही. आठ दिवस वाट बघायची आणि झुरळं तिथंच.

एक मात्र करा. रात्री सिंक आणि ओटा कोरडा ठणठणीत पुसून बंद करा. पाणी मिळालं नाही की झुरळ टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

---

गुहागर_होमस्टे | 17 सप्टेंबर, सकाळी 7:05

हे ईमेल सरकारकडून आलंय का हो? माझ्याकडेही असंच काहीतरी आलंय, वर "अन्न सुरक्षा तपासणी" असं मोठ्या अक्षरात. मी घाबरून रात्रभर झोपले नाही. माझ्या तीनच खोल्या आहेत, जेवण मी स्वतः करते. आमच्याकडे झुरळांपेक्षा उंदरांचा त्रास आहे, माडावरून सरळ कौलांवर उतरतात. दंड किती असतो?

---

रत्नागिरी_जुना_माणूस | 17 सप्टेंबर, सकाळी 9:30

काकू, आधी तुमची भीती घालवतो. ते कंपनीचं जाहिरातीचं पत्र आहे, सरकारी नोटीस नाही. अन्न व औषध प्रशासनाला त्रुटी आढळल्या तर पदनिर्देशित अधिकारी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 खाली सुधारणा नोटीस देतात. त्यात काय चुकलंय, का चुकलंय आणि काय करायचं हे लिहिलेलं असतं, आणि सुधारायला किमान 14 दिवस मिळतात. अस्वच्छ जागेत अन्न बनवल्याबद्दल कलम 56 मध्ये एक लाखापर्यंत दंड आहे, पण घरबसल्या ईमेलवर तो कुणी लावत नाही. उंदरांचं नंतर सविस्तर लिहितो.

आता तारकर्लीचे दादा. मी 11 वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये पेस्ट कंट्रोलचं काम केलं, आता हॉटेलांची अंतर्गत ऑडिट करतो. माझं मत स्पष्ट आहे, आदल्या रात्रीची फवारणी घेऊ नका.

तुम्ही सांगताय ती बारकी, फिकट तपकिरी, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेली झुरळं असणार. त्यांना जर्मन झुरळ म्हणतात. ती मोरीतून येत नाहीत. मोरीतली मोठी, लालसर झुरळं वेगळी. ही बारकी मोटरच्या उबेत, फ्रिजच्या मागे, फटीत राहतात आणि तिथून चार-पाच फुटांच्या आतच खायला बाहेर पडतात. तुमचा मुलगा मोरी आणि कोपरे मारतोय, म्हणजे औषध नेमकं जिथे झुरळ नाही तिथे जातंय. आणि दिवसा दिसायला लागली याचा अर्थ फटीत जागा पुरेना झालीय.

फवारणीने फटीतलं झुरळ मरण्याआधी पळतं. आदल्या रात्री धूर केलात तर अर्धवट विष लागलेली झुरळं दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, ऑडिटरच्या डोळ्यांसमोर, डायनिंगच्या भिंतीवर चालत येतील. मी हे स्वतः पाहिलंय. शिवाय मादी अंड्यांची पिशवी पोटाला धरून फिरते, एका पिशवीत 30 ते 40 पिल्लं. पिशवीतल्या अंड्यांना फवारणी लागत नाही. आई मेली तरी त्यातली काही फुटतात.

अलिबागचे दादा, कोरडं ठेवण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण अन्न परवाना नियमांच्या परिशिष्ट 4 मध्ये "दर महिन्याला" असं कुठे नाही. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती वेळाने वापरलं याची नोंद ठेवा आणि अन्नाला धोका होईल असं वापरू नका, असं आहे. तुमचं जेल का चाललं नाही, तेही सांगू शकतो. जेल लावल्यावर त्याच जागी फवारणी केलीत का?

---

अलिबाग_खानावळ | 17 सप्टेंबर, दुपारी 3:50

केली. जेल लावलं, चार दिवसांनी झुरळं दिसली म्हणून वरून पंप मारून घेतला. त्यात काय चूक?

---

रत्नागिरी_जुना_माणूस | 17 सप्टेंबर, संध्याकाळी 6:20

तिथेच सगळं गेलं. जेल हे आमिष आहे, झुरळाने ते खायला हवं. त्यावर किंवा त्याच्या आसपास फवारणीचं औषध पडलं की झुरळ तिकडे फिरकतच नाही. फिनेल आणि रॉकेलच्या फडक्यानेही हेच होतं. खाल्लं तर ते एक-दोन दिवसांत मरतं, आणि त्याची विष्ठा, मेलेलं अंग खाऊन फटीतली पिल्लंही मरतात. पंपाची फवारणी अशी फटीच्या आत पोहोचत नाही. पण त्याला वेळ द्यावा लागतो. अंड्यातून नवीन पिल्लं निघतात म्हणून दोन-अडीच आठवड्यांनी दुसरा हात मारावा लागतो.

तारकर्लीचे दादा, तुमच्या हातात 33 दिवस आहेत, म्हणजे वेळ पुरेसा आहे. आज औषध काहीच नको. दहा चिकट कार्डं आणा, त्यांना नंबर द्या, किचनचा साधा नकाशा कागदावर काढून कुठलं कार्ड कुठे ते लिहा. तीन रात्री ठेवा आणि मोजा. कार्ड भिंतीला चिकटून, कोपऱ्यात, फ्रिजखाली, मिक्सरच्या मागे. मोकळ्या जमिनीवर ठेवलंत तर काही सापडणार नाही, झुरळ कडेकडेने चालतं.

---

मालवणी_बल्लव | 17 सप्टेंबर, रात्री 11:55

कार्डा ठेवा, पण त्याच्या आधी एक करा. रात्री दोन वाजता किचनात जावा, बॅटरी घेऊन, लाईट न लावता. एकदम बॅटरी मारा आणि हलू नका. झुरळा खय पळतत ता बघा. ज्या फटीत पळतत थयच त्यांचा घर. मी 22 वर्सा भटारखान्यात काढलंय, साहेबांका कळायच्या आधी माका कळता. माझ्याकडे ती कायम फ्रिजच्या दाराच्या रबरात असत. रबर उघडून बघा, आत मिरीपूड सांडल्यासारखा काळा दिसतला.

---

तारकर्ली_रिसॉर्ट | 22 सप्टेंबर, रात्री 9:10

मालकांना सांगून पॅकेज थांबवलं. 18 ते 21 अशी तीन रात्री कार्डं ठेवली. एकूण 71 झुरळं. कार्ड 4 वर, म्हणजे थाळी काउंटरच्या फ्रिजखाली, 43. कार्ड 7 वर, भांडी घासायच्या जागेजवळ, 17. मिक्सरमागे 6, बाकी सगळ्या किचनात मिळून 5. मोरीजवळच्या कार्डावर एकही नाही, आणि महिन्याला औषध तिथेच मारलं जातं.

बल्लवदादांचं ऐकून फ्रिज बंद करून भिंतीपासून ओढला आणि खालची मागची पट्टी उघडली. कॉम्प्रेसरच्या भोवती खरोखर मिरीपूड पसरल्यासारखं काळं होतं. कातीचे पापुद्रे, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या तपकिरी पिशव्या, बोटांनी मोजल्या तर 20 च्या वर. वर सोलकढीचे ग्लास ठेवतो आम्ही. मला खूप वाईट वाटलं.

कार्डावरची बहुतेक अगदी बारकी, काळसर, पंख नसलेली आहेत. याचा काही अर्थ आहे का?

---

रत्नागिरी_जुना_माणूस | 22 सप्टेंबर, रात्री 10:30

आहे. ती पिल्लं. पिल्लं लांब जात नाहीत, म्हणजे घर कार्डाच्या अगदी जवळ आहे. तुम्हाला ते सापडलंच.

आता क्रम असा ठेवा. ते काळं, पापुद्रे आणि पिशव्या आधी व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने काढा, पिशवीत बांधून बाहेर टाका. मग साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा, जुन्या फवारणीचा अंशही जाईल. त्यानंतर जेल. मोठा गोळा नको, मसुराच्या डाळीएवढे ठिपके, पण भरपूर. एका फ्रिजभोवती 25-30 ठिपके पडायला हवेत, फटीच्या तोंडाशी, बिजागरीजवळ, पट्टीच्या आतल्या बाजूला. थेट तापणाऱ्या भागावर नको, जिथे रोज पाणी पडतं तिथे नको, आणि अन्न ठेवायच्या पृष्ठभागावर तर मुळीच नको. काम करणाऱ्या मुलांना ठिपके दाखवून ठेवा, नाहीतर सकाळी घासून टाकतील.

कोल्ड्रिंकचे आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे खोके किचनमध्ये आणायचे बंद करा. पुठ्ठ्याच्या नळ्यांमधून झुरळं आणि पिशव्या येतात. माल दारात क्रेटमध्ये उतरवून घ्या.

---

तारकर्ली_रिसॉर्ट | 24 सप्टेंबर, दुपारी 4:00

काल जेल लावून झालं. कंपनीचाच मुलगा आला होता. त्याला कार्डं दाखवली तर म्हणाला, "सर, मला पण हेच करायचं असतं, पण दिवसाला सहा किचन दिलेत, पंप मारूनच होतात." दोन तास बसून त्याने व्यवस्थित ठिपके घातले. मुलगा वाईट नाही.

पण फाईल मागवली तेव्हा दुसरंच निघालं. बारा महिन्यांच्या स्लिपा आल्या, सगळ्यांवर "झुरळ: निल, उंदीर: निल, माशी: निल". आणि जुलैच्या 12 तारखेचीही स्लिप आहे. जुलैत मासेमारी बंदी आणि पावसामुळे आम्ही पूर्ण बंद होतो, गेटला कुलूप होतं. सही माझी नाही. हे ऑडिटला लावायचं का?

---

रत्नागिरी_जुना_माणूस | 24 सप्टेंबर, संध्याकाळी 7:45

अजिबात नाही. खोटी स्लिप फाईलला लावलीत तर ती तुमची होते. कंपनीला लेखी कळवा की 12 जुलैला सेवा झाली नाही, ते पत्र आणि त्यांचं उत्तर फाईलला लावा.

हाच मुद्दा ईमेलमध्ये उलटा सांगितलाय. केटरिंगच्या तपासणी यादीत एकूण 114 गुण असतात. त्यात कीड नियंत्रणाचा कार्यक्रम आणि त्याच्या नोंदी हा एक मुद्दा आहे, आणि जागेवर किडीच्या खुणा नसणं हा वेगळा मुद्दा. म्हणजे ऑडिटर फाईल बघतो आणि मग फ्रिज ओढतो. फाईलमध्ये वर्षभर "निल" आणि फ्रिजमागे काळी पूड दिसली, तर पहिल्या मुद्द्यावरचा विश्वासही जातो. याउलट "कार्ड 4 वर 43, कारण सापडलं, जेल लावलं, आता इतकी" असं लिहिलेलं असेल तर त्याला दिसतं की इथे कुणीतरी बघतंय. "कीडमुक्त" प्रमाणपत्राला तपासणी यादीत वेगळा गुण नाही.

कंपनीकडून मात्र हे नक्की मागा: त्यांच्या कीटकनाशक परवान्याची प्रत, येणाऱ्या मुलाचं प्रशिक्षण, वापरलेल्या प्रत्येक औषधाचं लेबल आणि सुरक्षा माहितीपत्रक. स्लिपवर "स्प्रे केला" एवढं चालत नाही, औषधाचं नाव आणि प्रमाण हवं. आणि कुणी अजून डीडीव्हीपी मारत असेल तर लगेच थांबवा. डीडीव्हीपी म्हणजेच डायक्लोरव्हॉस, त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात पूर्ण बंदी आहे. काही ठिकाणी जुना साठा अजून निघतो, वासावरून कळतं.

---

अलिबाग_खानावळ | 24 सप्टेंबर, रात्री 9:20

डीडीव्हीपीबद्दल माहीत नव्हतं. आमचा माणूस काय मारतो ते उद्याच विचारतो.

पण एक गोष्ट मला पटत नाही. ऑडिटच्या दिवशी ती कार्डं तशीच ठेवायची? साहेब आले आणि कार्डावर तीन झुरळं चिकटलेली दिसली, तर ते "खूण" म्हणूनच लिहिणार ना?

---

रत्नागिरी_जुना_माणूस | 24 सप्टेंबर, रात्री 10:05

मी ठेवा म्हणेन, तारीख टाकून. पण तुमची शंका खोटी नाही. काही ऑडिटर सापळ्यावरचं झुरळ ही तुमची पाहणी धरतात, काही तीच खूण म्हणून लिहितात. माझ्या ओळखीच्या दोघांत यावरून एकमत नाही. निदान आदल्या दिवशी नवीन कार्डं लावून जुनी, तारखेसह, फाईलला जोडा.

---

गुहागर_होमस्टे | 25 सप्टेंबर, सकाळी 6:50

माझ्या उंदरांचं राहिलं. दुकानातून विषाच्या वड्या आणल्यात, माळ्यावर टाकू का? पाहुणे दसऱ्याला येणार आहेत.

---

रत्नागिरी_जुना_माणूस | 25 सप्टेंबर, सकाळी 8:15

काकू, थांबा, टाकू नका. त्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवसांनी मरतो, आणि माळ्यावरच मरतो. दसऱ्याला पाहुण्यांच्या खोलीत वास सुटेल आणि कुठून येतो ते सापडणार नाही. स्वयंपाकघराच्या वर विष ठेवणं तपासणीतही चुकीचंच. विष वापरायचंच तर घराबाहेर, कुलूपवाल्या पेटीत, कुत्रा-मांजर-मूल पोहोचणार नाही असं.

तुमचा रस्ता वेगळा आहे. माडाच्या खोडाला जमिनीपासून सहा-सात फुटांवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा, दीड फुटापर्यंत रुंद. नखं रुतत नाहीत, उंदीर वर चढत नाही. पण झावळ्या शेजारच्या झाडाला किंवा कौलांना टेकत असतील तर पट्ट्याचा उपयोग नाही, आधी त्या तोडा. मग चिऱ्याच्या भिंतीवर, वाशांच्या खाली जिथे उजेड दिसतो त्या फटी सिमेंट आणि बारीक जाळीने बुजवा. पेन्सिल आत जाते तिथून उंदराचं पिल्लू जातं. आत राहिलेले सापळ्याने धरा.

---

तारकर्ली_रिसॉर्ट | 17 ऑक्टोबर, रात्री 8:30

हिशेब देतो. 1 ते 4 ऑक्टोबर पुन्हा कार्डं ठेवली, 71 वरून 19. 8 तारखेला जेलचा दुसरा हात. 13 ते 16 परत मोजलं, फक्त 3. फ्रिजखाली शून्य. तिन्ही कार्ड 7 वर, भांड्यांजवळ. तिथे ओटा, भिंत, मोरी सगळं बघितलं, फट सापडत नाही.

---

मालवणी_बल्लव | 17 ऑक्टोबर, रात्री 11:40

भांड्यांच्या स्टीलच्या स्टँडाचे पाय बघा. पाइप पोकळ असता. खालचा रबराचा बूच पडला की आत त्यांचा बंगलो.

---

तारकर्ली_रिसॉर्ट | 18 ऑक्टोबर, सकाळी 10:15

बल्लवदादा, चार पायांपैकी दोघांना बूच नव्हता. एक पाय उलटा करून आपटला, आतून सहा-सात पडली. पाइप धुऊन, वाळवून, आत ठिपके घालून नवीन बूच बसवले. नोंदवहीत लिहिलं.

---

तारकर्ली_रिसॉर्ट | 21 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:00

काल ऑडिट झालं. मॅडमनी सर्वात आधी नोंदवही मागितली, मग स्वतः फ्रिज ओढायला सांगितला. कार्ड 7 वर एक झुरळ होतं. नोंद आणि तारखा बघून त्यांनी काही विचारलं नाही, पण अहवालात काय लिहितील ते अजून माहीत नाही. जुलैच्या स्लिपेबद्दल कंपनीला लिहिलेलं पत्र वाचलं, त्याचा फोटो घेतला. कंपनीचं उत्तर आजही आलेलं नाही. करार पुढे चालू ठेवायचा का यावर मालक आणि मी भांडतोय. त्यांना दर परवडतो, मला तो मुलगा हवाय आणि कंपनी नकोय.

तीन त्रुटी तिथेच सांगितल्या. माश्यांचा निळा दिवा दाराकडे तोंड करून लावलाय, तो बाहेरच्या माश्या आत बोलावतो. त्याच्या नळ्या दोन वर्षं बदललेल्या नाहीत, प्रकाश दिसतो पण माशी खेचणारा भाग संपलेला असतो. आणि मागच्या दाराखाली बोटभर फट आहे.

---

गुहागर_होमस्टे | 22 ऑक्टोबर, सकाळी 7:20

पाच माडांना पत्रे मारून घेतले, झावळ्या तोडल्या. दसऱ्याच्या आठवड्यात माळ्यावर सापळ्यात दोन सापडले, त्यानंतर नाही. दाराखालच्या फटीला आमच्या सुताराने पितळी पट्टीचा ब्रश बसवून दिलाय, रबर उंदीर कुरतडतात म्हणे. तारकर्लीच्या दादांना माप हवं असेल तर सांगा, मोजून कळवते.